नंदादीप : वातीची जाडी आणि तेल-तुपाची निवड

नवरात्रात घटाजवळ किंवा देवघरात अहोरात्र तेवत ठेवलेल्या दिव्याला नंदादीप किंवा अखंड दिवा म्हणतात. तासाभराच्या सांजवातीत खपून जाणारे दोष या दिव्यात लपत नाहीत. ज्योत मंदावते, वातीच्या टोकाला गुल धरतो, मागची भिंत काळवंडते. दोष बहुधा तेलाला दिला जातो. पण वातीची जाडी आणि तेलाचा दाटपणा यांचा मेळ बसला नसेल तर चांगले तेलही धूर करते.

कापसाच्या तंतूंमधल्या फटींतून तेल वर चढते, टोकाशी तापून त्याची वाफ होते आणि ही वाफ जळते. भोवतालच्या हवेला जेवढी वाफ पुरती जाळता येते, तेवढीच वातीने पुरवायला हवी. वात जाड असली किंवा तिचे टोक फार बाहेर काढले, तर जास्त वाफ निघून ज्योत उंच होते, शेंडा लालसर पडतो आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन उडतो. वात बारीक किंवा फार घट्ट वळलेली असली, तर तेल वर पोचत नाही आणि तेलाऐवजी कापूसच जळू लागतो.

तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलावरच्या समईसाठी काडेपेटीतल्या काडीएवढी, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाडीची वात पुरते. समईत दोन वाती जोडून लावण्याची रीत आहे. तसे करायचे तर प्रत्येक वात त्याहून बारीक घ्यावी. कापूस पिंजलेला, सरकीचे कण काढलेला असावा. पीळ इतकाच द्यावा की तंतू सुटे उभे राहू नयेत, पण चिमटीत दाबल्यावर वात मऊ लागावी. विकतच्या वातीचा एक धागा जाळून पाहावा. कापसाची भुरभुरीत राख होते. कडक काळा मणी उरला तर त्यात कृत्रिम धागा आहे. तो वितळून फटी बुजवतो, म्हणून अशी वात वापरू नये.

एरंडेल इतर खाद्यतेलांपेक्षा कितीतरी दाट असते. ते सावकाश चढते व सावकाश जळते, म्हणून त्याला थोडी जाड, सैल पिळाची वात लागते. तीच वात तिळाच्या तेलात घातली की धूर होतो. खोबरेल स्वच्छ जळते, पण २४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. घाटावरच्या थंड पहाटे त्यावर विसंबू नये. तळणीचे उरलेले तेल अखंड दिव्याला अजिबात घेऊ नये. त्यातला चिकटा आणि करपलेले कण वातीत अडकून गुल लवकर धरतो.

तुपाची अडचण वेगळी आहे. ते ज्योतीजवळ वितळते, पण लांब वातीच्या दुसऱ्या टोकाशी थिजलेलेच राहू शकते. म्हणून तुपासाठी निरांजन आणि फुलवात ही जोडी बसली आहे: वात आखूड आणि मधोमध उभी, भांडे लहान, त्यामुळे धातूतून पसरणारी उष्णता सगळे तूप पातळ ठेवते. फुलवात आधी वितळलेल्या तुपात भिजवून मगच लावावी. दिवा तडतडला तर तुपात पाण्याचा अंश आहे असे समजावे. ते पुन्हा मंद आचेवर कढवून, बेरी गाळून घ्यावे. रात्रभर लक्ष ठेवणे शक्य नसेल तर नंदादीपाला तेलच बरे.

वात लावताना टोक काठाबाहेर ३ ते ४ मिलिमीटर ठेवावे आणि पंख्याचा झोत टाळावा, कारण हलणारी ज्योत धूर सोडते. दहा मिनिटांनी ज्योतीच्या शेंड्यापासून चार बोटे वर स्टीलचा थंड चमचा अर्धा मिनिट धरावा. काळा डाग पडला तर चिमट्याने वात किंचित मागे ओढावी. चमचा ज्योतीतच धरला तर तो कोणत्याही दिव्यावर काळा होतो. काजळ धरण्याची युक्ती हीच आहे.

तेलाचा खप नवरात्राआधीच मोजून ठेवावा. समजा, समईत ५० मिलिलिटर तेल घालून दिवा लावला आणि ५ तासांनी २० मिलिलिटर भर घातल्यावर पातळी पूर्ववत झाली. म्हणजे तासाला ४, दिवसाला ९६ आणि नऊ दिवसांना ८६४ मिलिलिटर. थोडी सांडलवंड धरून एक लिटर आणावे. या समईत रात्री ८ तासांना ३२ मिलिलिटर जाईल. तरीही तेल तळाला जाऊ देऊ नये, कारण पातळी उतरली की तेलाला अधिक उंच चढावे लागते आणि पहाटे ज्योत बारीक होते. भर घालताना ज्योतीच्या विरुद्ध बाजूने धार धरावी आणि काठाखाली बोटभर जागा सोडावी.

गुल काढण्यापूर्वी त्याच ज्योतीवर शेजारी दुसरा दिवा लावून घ्यावा. मग चिमट्याने काळे टोक हलकेच मोडावे, वात तेवढीच पुढे सारावी, आणि मोडलेला गुल तेलात पडू देऊ नये.