केस स्टडीची चार भागांत पुनर्मांडणी

एखाद्या गावाचा, संस्थेचा, उद्योगाचा किंवा घटनेचा सखोल अभ्यास करून लिहिलेला वृत्तांत प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा या चार भागांत नव्याने लावण्याची ही लेखनप्रक्रिया आहे. केस स्टडीचा पहिला मसुदा बहुधा काळाच्या ओघाने लिहिलेला असतो: आम्ही गेलो, भेटलो, पाहिले, मग असे कळले. संशोधन नियतकालिक किंवा परीक्षक मात्र त्यात चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधतात. प्रश्न कोणता होता, तो कसा तपासला, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय? ही मांडणी 1940च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत रुळू लागली आणि 1980च्या दशकात मूळ संशोधनलेखांसाठी तिथे जवळपास एकमेव ठरली. पुढे ती शेती, समाजशास्त्र आणि व्यवस्थापन या विषयांतही पसरली.

या नोंदीत कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळाचे उदाहरण घेतले आहे. उदाहरणातील आकडे कल्पित आहेत, पण मसुद्यातल्या अडचणी अशा अभ्यासांत नेहमी आढळणाऱ्या आहेत.

मूळ मसुदा

समजा, करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर एका विद्यार्थिनीने हंगामात अभ्यास केला. उसाचा रस काहिलीत उकळताना त्यातली मळी वर येण्यासाठी भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी घालतात. गुळाला पिवळा रंग यावा म्हणून पुष्कळ ठिकाणी हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, वापरले जाते. त्याने रंग उजळतो, पण साठवणीत तो पुन्हा काळवंडत जातो. भेंडी वापरली तर गूळ कसा येतो, उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या गुळाचे प्रमाण किती राहते आणि गूळ विकतो कसा, हे तिला पाहायचे होते. मसुद्यातले एक वाक्य असे:

«भेंडीचे पाणी वापरल्यामुळे गूळ चांगला आला, उताराही टिकला आणि क्विंटलमागे 160 रुपये जास्त मिळाले.»

ओघात वाचताना हे वाक्य खटकत नाही. पण त्यात चारपैकी तीन भाग एकमेकांत अडकले आहेत. भेंडी वापरली ही पद्धती आहे, उतारा टिकला आणि जास्त पैसे मिळाले ही निष्पत्ती आहे, आणि ‘मुळे’ ही चर्चा आहे. पुनर्मांडणीचे खरे काम परिच्छेद इकडून तिकडे हलवण्याचे नसून अशी वाक्ये सोडवण्याचे आहे. मसुद्याच्या समासात प्रत्येक विधानापुढे प्र, प, नि किंवा च असे अक्षर लिहीत जावे. ज्या वाक्यापुढे दोन अक्षरे येतात, ते आधी फोडावे आणि मगच हलवावे.

पद्धती आधी लिहावी

छापताना प्रस्तावना पहिली येते, तरी पुनर्मांडणीला पद्धतीपासून सुरुवात करणे सोयीचे जाते, कारण उरलेल्या तिन्ही भागांची मर्यादा ती ठरवते. इथे गुऱ्हाळाचे वर्णन येते: काहील किती, चुलाणाला जळण कोणते, ऊस कोणत्या जातीचा, गूळ बनवणारा गुळव्या किती वर्षे काम करतो. अभ्यास सुरू होण्याआधीच ठाऊक असलेली माहिती पद्धतीत जाते आणि अभ्यासातून कळलेली माहिती निष्पत्तीत. ही रेघ पाळली की गुऱ्हाळाचे वर्णन दोन ठिकाणी विखुरत नाही.

मग मोजमापे. एकूण 16 आधणे, म्हणजे काहिलीत रस उकळून गूळ काढण्याच्या खेपा, पाहिली: 8 भेंडीची आणि 8 हायड्रॉसची. प्रत्येक आधणाला 1,500 किलो ऊस गाळला. आधण उतरवतानाचे तापमान थर्मामीटरने टिपले. घट्ट गुळासाठी पाक साधारण 118 ते 120 अंश सेल्सिअसपर्यंत जातो. गुळव्या मात्र थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी बनते का ते पाहतो. दोन्ही रीती लिहाव्या लागतात, कारण निर्णय गुळव्याने त्याच्या रीतीने घेतला होता आणि थर्मामीटर फक्त नोंदीसाठी होता. हा फरक लिहिला नाही, तर आधण थर्मामीटर पाहून उतरवले असा वाचकाचा समज होईल.

पद्धती लिहिताना मसुद्यातली एक पोकळी उघडी पडते. गूळ सौद्याला केव्हा नेला, हे मसुद्यात कुठेच नाही. वहीत शोधले तेव्हा कळले की भेंडीचा सगळा गूळ संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात विकला गेला आणि हायड्रॉसचा संक्रांतीनंतर. संक्रांतीला गुळाची मागणी वाढते. म्हणजे 160 रुपयांचा फरक भेंडीमुळे पडला की सणामुळे, हे आता सांगता येत नाही. काळाच्या ओघात लिहिलेल्या मसुद्यात ही अडचण दिसलीच नसती, कारण तिथे सगळे ‘मग’ने जोडलेले असते. पद्धतीने विक्रीची तारीख मागितली, म्हणून ती दिसली.

निष्पत्ती: प्रश्नांच्या क्रमाने

निष्पत्तीची रचना तारखांवर नव्हे, प्रश्नांवर करावी. पहिला प्रश्न उताऱ्याचा. भेंडीच्या आधणांना सरासरी 168 किलो गूळ निघाला, म्हणजे उसाच्या 11.2 टक्के. हायड्रॉसच्या आधणांना 166 किलो, म्हणजे 11.1 टक्के. एवढेच लिहायचे. ‘समाधानकारक’, ‘चांगला’ ही विशेषणे इथून काढावीत. ‘टिकला’ हेही मत आहे, कारण ते कशाच्या तुलनेत टिकला हे सांगत नाही.

दुसरा प्रश्न भावाचा. भेंडीच्या गुळाला क्विंटलला सरासरी 4,060 रुपये आणि हायड्रॉसच्या गुळाला 3,900 रुपये मिळाले. बाजार समिती रोजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर जाहीर करते. त्यामुळे विद्यार्थिनीला ज्या त्या दिवसाच्या सर्वसाधारण दराशी तुलना करता आली. भेंडीचा गूळ विकला त्या दिवसांत तो दर सरासरी 3,940 होता, हायड्रॉसचा विकला त्या दिवसांत 3,760. भेंडीच्या गुळाला बाजारापेक्षा 120 रुपये जास्त मिळाले, हायड्रॉसच्या गुळाला 140. मूळ वाक्यातला 160 रुपयांचा फायदा गेला, उलट 20 रुपयांनी पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. निष्पत्तीत दोन्ही आकडे द्यावेत, कच्चा फरकही आणि दुरुस्त फरकही. ही दुरुस्ती कशी केली ते मात्र पद्धतीत सांगितलेले असायला हवे.

मुलाखतींबाबत पुष्कळांची चूक होते. गुळव्या म्हणतो, «बुडबुडं बारीक झालं की आधण आलं म्हणायचं. हायड्रॉस घातलं की रंग बघून फसायला हुतंय.» यात तो स्वतः अर्थ लावतो आहे, म्हणून लिहिणारे हे विधान उचलून चर्चेत टाकतात. पण अर्थ गुळव्याने लावला आहे, अभ्यासकाने नव्हे. अभ्यासकाच्या दृष्टीने ते विधान म्हणजे मिळालेली माहिती, आणि तिची जागा निष्पत्तीत आहे. ते खरे का वाटते, थर्मामीटरच्या नोंदी त्याला दुजोरा देतात का, हा विचार चर्चेत करायचा. हे वेगळे ठेवले तरच गुळव्याचे ज्ञान कोणते आणि अभ्यासकाचे अनुमान कोणते, हे वाचकाला स्पष्ट कळते. गुणात्मक केस स्टडीत तर माझ्या मते पुनर्मांडणीचा सगळा कस इथेच लागतो.

चर्चा आणि प्रस्तावना

चर्चेत ‘मुळे’ परत येतो, पण आता त्याला आधार लागतो. भेंडी वापरून उतारा कमी झालेला दिसला नाही, हे विधान 16 आधणांच्या बळावर करता येते. भेंडीच्या गुळाला जास्त भाव मिळतो, हे करता येत नाही. तसे का, हे संक्रांतीचा उल्लेख करून सांगावे. हा उल्लेख लपवण्यासारखा नाही. पुढच्या अभ्यासकाने दोन्ही प्रकारचा गूळ एकाच दिवशी सौद्याला न्यावा, ही सूचना त्यातूनच निघते. एका गुऱ्हाळावरून जिल्ह्यातल्या सगळ्या गुऱ्हाळांबद्दल बोलता येत नाही. मात्र बदल ज्या वाटेने घडतो ती वाट, उदाहरणार्थ रंगामुळे गुळव्याचा अंदाज चुकणे, एका ठिकाणीही नीट दाखवता येते, आणि केस स्टडीचे बळ त्यातच असते. चर्चेत एखादा नवाच आकडा दिसला तर तो निष्पत्तीतून निसटला आहे असे समजावे आणि परत पाठवावा.

प्रस्तावना शेवटी लिहिली तर ती आटोपशीर होते. कोल्हापुरात गुळावर लिहिताना इतिहासाचा मोह मोठा असतो. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली शाहूपुरीची पेठ, कोल्हापुरी गुळाला मिळालेले भौगोलिक मानांकन, या अभिमानाच्या गोष्टी आहेत. पण प्रस्तावनेत तेवढेच ठेवावे ज्यावाचून प्रश्न उभा राहत नाही. मानांकनामुळे गुळाच्या गुणवत्तेला महत्त्व आले आणि म्हणून हायड्रॉसचा प्रश्न उभा राहतो, एवढे पुरते. पेठेचा इतिहास या प्रश्नाला लागत नाही.

इथे प्रामाणिकपणाचा एक धोका आहे. बाजारभावाचा विचार हंगामाच्या मध्यावर सुचला असेल, तर तो पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता असे प्रस्तावनेत भासवता कामा नये. संशोधनलेखाची ठरीव मांडणी विचार प्रत्यक्षात कसा घडला ते झाकते, असा आक्षेप ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1963 मध्येच घेतला होता. उपाय साधा आहे: कोणता प्रश्न केव्हा आला ते पद्धतीत एका वाक्यात लिहावे.

तपासणी

पुनर्मांडणी झाल्यावर दोन फेऱ्या माराव्यात. पहिल्या फेरीत निष्पत्तीतला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक उद्धरण घेऊन ते कसे मिळाले याचे वाक्य पद्धतीत आहे का ते पाहावे. दुसरीत प्रस्तावनेतल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर निष्पत्तीत शोधावे. अनुत्तरित प्रश्न काढून टाकावा किंवा उत्तर का मिळाले नाही ते चर्चेत लिहावे. क्रियापदांवरूनही चूक कळते. पद्धती आणि निष्पत्तीत ‘मोजले’, ‘आढळले’, ‘सांगितले’ असा भूतकाळ असतो. तिथे ‘असते’, ‘घडते’ असे सर्वसाधारण विधान आले की त्यात चर्चा घुसली असण्याची शक्यता असते.

कुठे लागू पडत नाही

व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवण्यासाठी लिहिलेली केस या साच्यात घालू नये. तिच्यात निर्णय मुद्दाम अर्धवट सोडलेला असतो आणि तो विद्यार्थ्यांनी घ्यायचा असतो. निष्पत्ती लिहिली की ती निरुपयोगी होते. एका रुग्णावरच्या वैद्यकीय वृत्तांतासाठी 2013 मध्ये केअर नावाची वेगळी मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिच्यात तक्रार, तपासणी, निदान, उपचार आणि पाठपुरावा असा क्रम आहे, कारण तिथे घटनाक्रम हीच माहिती असते. एखाद्या संस्थेच्या दीर्घ इतिहासाच्या अभ्यासातही काळाचा क्रम मोडला तर कारणांची साखळी तुटते. अशा वेळी निष्पत्तीचा भाग आतून कालक्रमाने ठेवावा आणि बाकीचे तीन भाग त्याच्याभोवती लावावेत.