पोत्यावरचा चौरस मीटरचा आकडा कसा वाचावा
(सुपरकॅपॅसिटरसाठी कार्बन पूड घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, उद्यमबाग, बेळगाव)

करवंटीच्या कोळशापासून केलेल्या आमच्या पुडीच्या पोत्यावर १६०० चौ. मी. प्रति ग्रॅम असे छापलेले असते. म्हणजे एका ग्रॅमच्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर जवळपास १६ गुंठे रान भरेल. सुपरकॅपॅसिटरमध्ये विद्युतभार याच भिंतींवर साठतो. द्रावणातले आयन भिंतीला येऊन टेकतात, रासायनिक बदल काही होत नाही. याला डबल लेयर म्हणतात. म्हणूनच लाखो वेळा चार्ज केला तरी चांगला कार्बन टिकतो.

दर चौरस सेंटिमीटरला ढोबळ १० मायक्रोफॅरड धरले, तर १६०० चौ. मी.चे १६० फॅरड होतात. प्रत्यक्षात एवढे मिळत नाहीत. पोत्यावरचा आकडा नायट्रोजन वायू शोषवून काढलेला असतो, आणि नायट्रोजन शिरतो त्या प्रत्येक छिद्रात आयन शिरतोच असे नाही. अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपासची छिद्रे आकडा फुगवतात, पण भार घेत नाहीत.

खानापूरकडच्या एका गिऱ्हाइकाने २४०० ची पूड दुसरीकडून आणली. दीडपट फॅरड मिळतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण सेल जवळपास तेवढाच भरला. पूड हलकी असल्याने त्याच जाडीच्या थरात माल मात्र कमी बसला.

त्यामुळे मोजूनच बघा. दोन्ही बाजूंना १०-१० मिलिग्रॅम कार्बन लावा, सेल १ व्होल्टपर्यंत चार्ज करा आणि १० मिलिअँपिअरने उतरवा. सुरुवातीची एकदम होणारी घट वगळून उतार मोजा. १ व्होल्टला ६० सेकंद लागत असतील, तर C = I × t / ΔV प्रमाणे सेलचे ०.६ फॅरड झाले. दोन इलेक्ट्रोड एकापुढे एक जोडलेले असल्याने एकाचे १.२ फॅरड, म्हणजे ग्रॅमला १२० फॅरड. हेच दहापट करंटला करून बघा. आकडा फारच पडला, तर आयनांना आत जायची वाट अरुंद आहे. बारीक छिद्रांपर्यंत नेणारी २ ते ५ नॅनोमीटरची छिद्रेही त्यासाठीच लागतात.

मँगनीज डायऑक्साइडचे काम वेगळे. तिथे पृष्ठभागावर मँगनीजची अवस्था बदलते आणि त्यातून भार साठतो. याला स्यूडोकॅपॅसिटन्स म्हणतात. ग्रॅममागे जास्त भार मिळतो, पण हे ऑक्साइड वीज नीट वाहत नाही. जाड थर दिला तर आतला माल फुकट जातो, आणि आयुष्यही कार्बनएवढे नसते. म्हणून आम्ही ते कार्बनवर पातळ बसवून देतो.

निकेल हायड्रॉक्साइड कुणी 'सुपरकॅपॅसिटर मटेरियल' म्हणून देऊ केले, तर आधी डिस्चार्जचा आलेख मागा. कॅपॅसिटरमध्ये व्होल्टेज सरळ रेषेत उतरते. मध्येच सपाट पट्टा दिसला तर तो माल बॅटरीचा आहे, आणि त्याचा फॅरडमध्ये सांगितलेला आकडा धरू नका.