एसीला प्लस-मायनस नसतो, तरी ट्रान्सफॉर्मर उलटा लागतो

"एसी आहे, कसंही जोड, काय फरक पडतो?" हे वाक्य सर्रास कानावर पडतं. बल्बपुरतं ते खरंही आहे. पण ट्रान्सफॉर्मरची दोन वाइंडिंग एकमेकांना जोडायची असतील, तर याच वाक्याने वाइंडिंग जळतं.

एसीची दिशा सतत आलटून-पालटून येते, सेकंदाला पन्नास पूर्ण आवर्तनं होतात, हे शाळेत शिकलेलो असतो. पण गाभ्यातला चुंबकीय प्रवाह एकच असतो आणि त्यावरची सगळी वाइंडिंग त्याच्याच तालावर चालतात. एखादा क्षण गोठवून पाहा. त्या क्षणी प्रायमरीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा वर असेल, तर सेकंडरीचंही कुठलंतरी एक टोक वर असणारच. अर्ध्या आवर्तनानंतर दोन्ही एकदमच खाली जातील. ही बरोबरीने वर-खाली होणारी टोकं म्हणजे समध्रुवी टोकं. आकृतीत त्यांच्याशेजारी ठिपका देतात, पाटीवर एच१ आणि एक्स१ अशा जोड्या लिहितात. म्हणजे पोलॅरिटी हा एकट्या टोकाचा गुण नाही, ते दोन टोकांमधलं नातं आहे. तार कोणत्या दिशेने गुंडाळली आणि तिचं कोणतं टोक कोणत्या टर्मिनलला बाहेर काढलं, एवढ्यावरच ते ठरतं. 'वीज जाऊन आली की पोलॅरिटी फिरते' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यात काही तथ्य नाही. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळताना टोकं बदलली तर मात्र ती खरोखर फिरते, आणि जुनी पाटी तशीच राहते. म्हणून पाटी वाचली तरी मोजायचं.

समजा १ केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत. दोन्हींची सेकंडरी २३० व्होल्टची, पूर्ण करंट सुमारे ४.३५ अँपिअर आणि इम्पीडन्स ४ टक्के. याचा अर्थ, सेकंडरी शॉर्ट केली तर प्रायमरीला नेहमीच्या ४ टक्के व्होल्टेज दिलं तरी पूर्ण करंट वाहतो. पूर्ण व्होल्टेज दिलं तर पंचवीसपट. आता या सेकंडरी पॅरलल जोडताना एक उलटी लागली, तर दोन्हींची व्होल्टेज एकमेकांना अडवण्याऐवजी लूपमध्ये एकाच दिशेने ढकलतात. ४६० व्होल्ट, आणि वाटेत फक्त दोन वाइंडिंगचा इम्पीडन्स, सुमारे ४.२ ओहम. करंट होतो १०९ अँपिअरच्या आसपास, तोच पंचवीसपट. लोड काहीच जोडलेला नसताना!

हे टाळायला एक व्होल्टमीटर पुरतो. आधी प्रत्येक सेकंडरी वेगळी मोजा, २३० दिसलेच पाहिजेत. मग सप्लाय बंद करून दोन्हींचं एकेक टोक जोडा, उरलेली दोन टोकं मोकळी ठेवून त्यांच्यात मीटर लावा आणि सप्लाय द्या. मीटरची रेंज ६०० व्होल्टची हवी. शून्याजवळ वाचन आलं तर ती टोकं सप्लाय बंद करून जोडता येतात. ४६० आलं तर एका सेकंडरीची टोकं अदलाबदल करून पुन्हा मोजा. दोन-तीन व्होल्ट दिसले तर घाबरू नका, ट्रान्सफॉर्मरच्या गुणोत्तरात तेवढा फरक असतो. ३ व्होल्टने लूपमध्ये पाऊण अँपिअरही फिरत नाही. मात्र पहिली पायरी गाळू नका. एक वाइंडिंग आतून तुटलेलं असेल किंवा मीटरची वायर निघालेली असेल, तरी वाचन शून्यच येऊ शकतं.

तीन ट्रान्सफॉर्मरची थ्री-फेज बँक करून सेकंडरी डेल्टात जोडतानाही युक्ती हीच. लूपचे दोन जोड पुरे करा, तिसरा उघडा ठेवा आणि त्या फटीत मोजा. १२० अंशांच्या अंतरावरची तीन समान व्होल्टेज एकमेकांना संपवतात, म्हणून शून्य. एक सेकंडरी उलटी असेल तर ४६०, दोन उलट्या असतील तरी ४६०च. मग गुन्हेगार कोणता? तिन्ही सेकंडरी तात्पुरत्या स्टारमध्ये जोडून लाइन व्होल्टेज घ्या. सगळं नीट असेल तर तिन्ही वाचनं ३९८ च्या आसपास येतात. एकीची टोकं फिरलेली असतील तर तिच्याशी घेतलेली दोन वाचनं २३० वर घसरतात, उरलेलं ३९८ राहतं. तीच बाकी दोघींपासून फुटलेली आहे, तिलाच उलटवा.

तिन्ही एकदम उलट्या असतील तर मात्र ही चाचणी काही सांगत नाही. फटीत शून्यच येतं आणि बँक एकटी बिनतक्रार चालते. पण तिचं आउटपुट १८० अंशांनी फिरलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या बँकेशी पॅरलल करायची असेल तर एका बँकेचं एक टर्मिनल दुसरीच्या त्याच फेजला बांधून उरलेल्या दोन जोड्यांमध्ये पुन्हा मीटर लावायचा. आणि प्रायमरी न्यूट्रल न जोडता स्टारमध्ये असेल, तर सगळं बरोबर असूनही डेल्टाच्या फटीत बऱ्यापैकी व्होल्टेज दिसतं. गाभ्याच्या संपृक्ततेमुळे उठणारी तिसरी हार्मोनिक, १५० हर्ट्झची, तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी वर येते, म्हणून ती संपत नाही, तिची बेरीज होते. हे वाचन ४६० च्या बरंच खाली असेल तर शंका आली तरी टोकं फिरवू नका, फ्रिक्वेन्सी दाखवणारा मीटर लावून पाहा.