‘नो’ आलं की सर्वनाम पुढे सरकतं

स्पॅनिश शिकवणाऱ्या जाहिरातींचा एक आवडता दावा असतो: नकार अगदी सोपा, क्रियापदाआधी ‘नो’ लावा, झालं. साध्या विधानात हे खरंही आहे. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो, ‘नो आब्लो’ म्हणजे बोलत नाही. पण कुणाला काही करायला सांगायचं झालं की हा दावा पहिल्याच वाक्यात कोसळतो.

‘दी’ म्हणजे ‘सांग’. ‘मे’ म्हणजे मला, ‘लो’ म्हणजे ते. ‘मला ते सांग’ याला स्पॅनिश माणूस ‘दीमेलो’ म्हणतो, तिन्ही एका शब्दात, सर्वनामं शेपटीला. आता नकार करू. ‘नो दीमेलो’ असं कुणी म्हणत नाही. म्हणतात ‘नो मे लो दीगास’. म्हणजे दोन गोष्टी बदलल्या: ‘दी’चं ‘दीगास’ झालं आणि सर्वनामं मागून उठून क्रियापदाच्या पुढे, सुटी सुटी येऊन बसली.

पहिल्या बदलाचं मराठी माणसाला फार नवल वाटायला नको. आपणही ‘सांग’ला नुसता ‘न’ जोडत नाही, ‘सांगू नकोस’ म्हणतो. स्पॅनिशने निषेधासाठी सबजंक्टिव्ह, म्हणजे आपल्या विध्यर्थाच्या जवळपासचं रूप वापरलं, आणि ती खोड लॅटिनपासूनची आहे. ‘स्पॅनिश लोक मनानेच मृदू, म्हणून मनाईसुद्धा इच्छेसारखी करतात’ असले सिद्धांत अधूनमधून ऐकू येतात. ते खुशाल सोडून द्यावेत. याच रूपात तिथे लोक एकमेकांवर सणसणीत खेकसतातही.

खरी मजा दुसऱ्या बदलात आहे. सर्वनामाची जागा क्रियापदाच्या रूपावर ठरते का? तपासून बघू. आदरार्थी आज्ञेत ‘दीगा’ हे सबजंक्टिव्ह रूपच येतं. ‘मला ते सांगा’ म्हणजे ‘दीगामेलो’ आणि ‘मला ते सांगू नका’ म्हणजे ‘नो मे लो दीगा’. रूप तेच, तरी जागा बदलली. आणखी एक: ‘त्यानेच मला ते सांगावं’ याला ‘के मे लो दीगा एल’ म्हणतात. इथे नकार नाही, तरीही सर्वनामं पुढेच. मग ‘नो’ आणि ‘के’ यांच्यात सारखं काय? दोघंही क्रियापदाच्या आधी येतात, आणि सर्वनामांना टेकायला काहीतरी मिळतं.

‘मे’, ‘लो’ ही आघात नसलेली हलकी सर्वनामं आहेत. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये त्यांना वाक्याच्या तोंडाशी उभं राहता येत नसे. वाक्य क्रियापदाने सुरू झालं, तर ती त्याच्या मागे चिकटत. म्हणून ‘तो मला म्हणाला’ हे ‘दीखोमे’ होई. आधी ‘नो’सारखा शब्द असला, की ती त्याच्या पाठीशी लागून क्रियापदापुढे येत. रोमान्स भाषांमधला हा नियम १९व्या शतकात टोबलर आणि मुसाफिया या अभ्यासकांनी टिपला, आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पुढे स्पॅनिश बदलली. ‘दीखोमे’ जाऊन ‘मे दीखो’ आलं, म्हणजे साध्या विधानात सर्वनाम आता बिनदिक्कत पहिलं बसतं. होकारार्थी आज्ञा मात्र जुन्या जागी गोठली. गोठली म्हणायचं कारण, आज ‘उद्या मला ते सांग’ म्हणताना आधी ‘मान्याना’, म्हणजे ‘उद्या’, असला तरी ‘दीमेलो’च म्हणतात. टेकायला शब्द आहे, पण सर्वनाम हलत नाही. जुना नियम मेला, त्याने पाडलेला साचा तेवढा उरला.

चिकटल्यावर लेखनाचा प्रश्न येतो. स्वराने संपणाऱ्या स्पॅनिश शब्दात आघात सहसा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. ‘दामे’ म्हणजे ‘मला दे’. दोनच अक्षरं, आघात आपसूक ‘दा’वर. ‘लो’ जोडून ‘दामेलो’ केलं की नियमाने तो ‘मे’वर जायला हवा, पण सर्वनाम आघात घेत नाही, तो ‘दा’वरच राहतो. म्हणून तिथे स्वरावर तिरकी रेघ द्यावी लागते. नवशिके हटकून चुकतात ते इथे.

एका ठिकाणी मात्र लेखन हात टेकतं. ‘साल’ म्हणजे ‘बाहेर पड’, त्याला ‘ले’ जोडून ‘त्याला सामोरा जा’ अशी आज्ञा होते. उच्चार दोन स्वतंत्र ‘ल’चा. पण स्पॅनिशमध्ये दोन ‘एल’ शेजारी लिहिले की ते वेगळंच व्यंजन होतं आणि शब्द साधारण ‘साये’ असा वाचला जातो. स्पेनच्या रॉयल अकादमीचं उत्तर असं की हे रूप बोलता येतं, पण लिहिता येत नाही. नकार केला की अडचण संपते. ‘नो ले साल्गास’मध्ये ‘ले’ सुटं होऊन पुढे गेलेलं असतं.