माती खत गाळत नाही, विजेच्या भाराने धरते

चिकणमातीत खत टिकते आणि रेताड मातीत ते टिकत नाही, याचे कारण विचारले की बहुधा गाळणीचे उत्तर मिळते. वाळूचे कण मोठे, त्यांच्यामधल्या पोकळ्याही मोठ्या, म्हणून खत पाण्याबरोबर खाली निसटते. चिकणमाती बारीक असल्यामुळे ते तिच्यात अडकून राहते. उत्तर पटण्यासारखे असले तरी ते चूक आहे. पाण्यात विरघळलेला पोटॅशियमचा आयन, त्याच्याभोवती जमलेल्या पाण्याच्या रेणूंसकट मोजला तरी, मीटरच्या अब्जाव्या भागाहून लहान भरतो. चिकणमातीत ज्या पोकळ्यांमधून पाणी झिरपते, त्या याच्या शेकडो पट रुंद असतात. अशा गाळणीत आयन अडकणे शक्य नाही.

हे डोळ्यांनी पाहता येते. दोन नरसाळ्यांत कापसाचा बोळा बसवून एकात धुतलेली वाळू आणि दुसऱ्यात चिकणमातीचा बारीक चुरा भरावा. दोन्हींवर मिथिलीन ब्ल्यू या रंगद्रव्याचे अगदी पातळ द्रावण हळूहळू ओतावे. वाळूखाली लवकरच निळे पाणी ठिबकू लागते, तर चिकणमातीखाली रंगहीन पाणी येते. येथवर गाळणीचे उत्तर तग धरून राहते. आता त्याच प्रकारे इओसिन या लाल रंगद्रव्याचे द्रावण ओतावे. लाल रंग वाळूतून तर उतरतोच, पण चिकणमातीतूनही बव्हंशी उतरतो. दोन्ही रंगांचे रेणू आकाराने फारसे वेगळे नाहीत. फरक आहे तो विद्युतभाराचा: मिथिलीन ब्ल्यूचा आयन धन आहे आणि इओसिनचा ऋण. म्हणजे चिकणमाती आकार पाहत नाही, भार पाहते.

हा भार येतो कोठून? चिकणमातीचे खनिज म्हणजे अतिशय पातळ पत्र्यांची चळत असते. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा एक थर, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा दुसरा थर, अशी त्याची घडण असते. हे स्फटिक तयार होताना सिलिकॉनच्या काही जागांवर ॲल्युमिनियम जाऊन बसते आणि ॲल्युमिनियमच्या काही जागांवर मॅग्नेशियम. आकार जवळपास सारखा असल्याने घडण बिघडत नाही, पण हिशेब बिघडतो. सिलिकॉनचे चार धन भार जेथे अपेक्षित होते तेथे ॲल्युमिनियमचे तीनच येतात, आणि ऑक्सिजनचा एक ऋण भार जोडीदाराविना उरतो. हा भार स्फटिकाच्या आत कायमचा कोंडलेला असतो. पाऊस, ऊन किंवा नांगरट यांमुळे तो जात नाही. त्याची भरपाई म्हणून पत्र्याच्या पृष्ठभागालगत कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम यांचे धन आयन घुटमळत राहतात. मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे पत्रे पाण्यात एकमेकांपासून सुटतात आणि त्याच्या एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग सुमारे 700 ते 800 चौरस मीटर भरतो. वाळूचा कण म्हणजे बहुधा क्वार्ट्झ. त्यात अशी अदलाबदल जवळजवळ नसते, आणि पृष्ठभागही नगण्य असतो.

आयन घुटमळतात असे म्हटले, कारण ते चिकटून बसलेले नसतात. त्यांना हटवता येते, मात्र बदल्यात तितक्याच भाराचा दुसरा धन आयन द्यावा लागतो. मुळे हेच करतात: हायड्रोजनचा आयन सोडतात आणि पोटॅशियम घेतात. इंग्लंडमध्ये हॅरी थॉम्पसन या यॉर्कशायरच्या जमीनदाराने मातीतून अमोनियम सल्फेटचे द्रावण सोडले, तेव्हा खाली अमोनियाऐवजी कॅल्शियम सल्फेट आले. जॉन थॉमस वे या रसायनज्ञाने 1850च्या सुमारास हा प्रकार पद्धतशीरपणे तपासला आणि जितके अमोनियम आत राहते तितक्याच समतुल्य प्रमाणात कॅल्शियम बाहेर पडते, असे दाखवले. हे काम चिकणमातीचे आहे, हेही त्यानेच ओळखले.

एक किलो माती अशा देवाणघेवाणीसाठी एकूण किती धन भार धरू शकते, ती तिची धनायन विनिमय क्षमता. ती सेंटीमोल प्रति किलो या एककात सांगतात. भाराचा एक सेंटीमोल म्हणजे 390 मिलिग्रॅम पोटॅशियम किंवा 200 मिलिग्रॅम कॅल्शियम. आता समजा, रेताड मातीची क्षमता 2 आहे आणि मॉन्टमोरिलोनाइट असलेल्या भारी मातीची 40. एका हेक्टरमधल्या वरच्या 15 सेंटीमीटर थराचे वजन ढोबळमानाने 22.5 लाख किलो धरू. त्यात 150 किलो पोटॅशियम मिसळले तर दर किलो मातीच्या वाट्याला सुमारे 67 मिलिग्रॅम, म्हणजे 0.17 सेंटीमोल येते. भारी मातीत ते एकूण जागांपैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी जागा मागते आणि सहज सामावते. रेताड मातीत तेच खत साडेआठ टक्के जागा मागते. तेथे आधीच कॅल्शियम बसलेले असते, आणि दोन भारांचे कॅल्शियम एका भाराच्या पोटॅशियमपेक्षा घट्ट धरले जाते. म्हणून पोटॅशियमचा बराच भाग पाण्यातच राहतो आणि पुढच्या मोठ्या पावसात मुळांच्या खाली जातो. रेताड जमिनीत तेच खत हप्त्याहप्त्याने देतात, ते यासाठीच.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सगळी चिकणमाती सारखी नसते. केओलिनाइट या खनिजात वर सांगितलेली अदलाबदल फारच थोडी होते, आणि त्याची क्षमता 3 ते 15च्या आसपास राहते, तर मॉन्टमोरिलोनाइटची 80 ते 120 असते. त्यामुळे हाताला चिकट लागणारी माती खत धरेलच असे नाही.

काडीकचरा कुजून बनणाऱ्या ह्युमसची गोष्ट वेगळी आहे. त्याचा ऋण भार स्फटिकातून येत नाही. सेंद्रिय आम्लगट हायड्रोजन सोडतात तेव्हा तो उघडा पडतो. वजनाच्या मानाने ह्युमसची क्षमता 200च्या घरात, म्हणजे मॉन्टमोरिलोनाइटच्याही वर जाते. मात्र माती आम्लधर्मी झाली की हायड्रोजन पुन्हा जागेवर बसतो आणि भार घटतो. प्रयोगशाळेतली नेहमीची चाचणी सामू 7 ठेवून अमोनियम ॲसिटेटने करतात. त्यामुळे आम्लधर्मी मातीचा अहवाल तिच्या प्रत्यक्षातल्या क्षमतेपेक्षा मोठा आकडा दाखवतो, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

हेक्टरी पाच किलो ह्युमिक आम्ल टाका आणि जमिनीची खत धरण्याची ताकद वाढवा, असा दावा मी अलीकडेच एका पाकिटावर वाचला. त्या आम्लाची क्षमता उदारपणे 500 धरू. पाच किलोंची मिळून 2,500 सेंटीमोल झाली, ती 22.5 लाख किलो मातीत वाटली की किलोमागे एका सेंटीमोलचा जेमतेम हजारावा भाग हाती येतो. कोणत्याही चाचणीला हा फरक दिसणार नाही. उलट त्याच थरात ह्युमस एक टक्क्याने वाढले, तर त्याचे वजन 22,500 किलो होते आणि रेताड मातीची क्षमता 2 वरून सुमारे 4 होते. एवढे ह्युमस तयार व्हायला त्याच्या कित्येक पट कुजणारा काडीकचरा लागतो, त्याला वर्षे लागतात, आणि जीवाणू ते सतत खात असल्याने भरही सतत घालावी लागते.

आणि नायट्रेटच्या बाबतीत ही सगळी यंत्रणा निरुपयोगी आहे. नत्रयुक्त खतातले अमोनियम धन असल्याने माती त्याला धरते, पण उबदार, ओलसर मातीत जीवाणू काही आठवड्यांतच त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट ऋण आहे. युरियाला तर सुरुवातीला भारच नसतो. त्याचे अमोनियम होण्याआधी जोराचा पाऊस आला, तर तो विरघळून पाण्याबरोबर खाली जातो. चाळीस क्षमतेची माती असली तरी नायट्रेट तिच्यातून, नरसाळ्यातल्या त्या लाल पाण्यासारखे, उतरून जाते.