सर्दी घरातल्यांची, खोकला कुत्र्याचा

दिवाळीनंतर पुण्यात गारठा वाढला की कुत्री-मांजरं पाळणाऱ्या घरांमध्ये एक शंका हमखास निघते. आपल्याला सर्दी झाली आणि दोन-चार दिवसांत कुत्राही खोकायला लागला, मग आपलीच सर्दी त्याला लागली का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं असतं. तरीही कुत्र्याचा खोकला अंगावर काढू नये, कारण त्याचं मूळ दुसरीकडे असतं आणि ते शोधावं लागतं.

कोथरूडमधलं एक घर डोळ्यांसमोर आणा. सगळे दिवाळीला गावी गेले आणि लॅब्रेडॉरला पाच दिवस बोर्डिंगमध्ये ठेवलं. परतल्यावर आधी धाकट्याचं नाक गळू लागलं, मग आईचं. चौथ्या दिवशी कुत्र्याला कोरडा, भोंग्यासारखा खोकला सुरू झाला. खोकल्याची उबळ आली की शेवटी तो मान पुढे ताणून ओकारी काढल्यासारखं करतो आणि थोडा पांढरा फेस पडतो. घशात हाड अडकलंय असं वाटून घरचे त्याचा जबडा उघडून पाहतात, पण आत काहीच नसतं. पट्टा ओढला गेला की उबळ पुन्हा येते. एरवी मात्र तो नीट जेवतो आणि चेंडूमागे धावतो.

मुलाची सर्दी बहुधा राइनोव्हायरसची असते. माणसांच्या साध्या सर्दीला हाच विषाणू सर्वांत जास्त वेळा कारणीभूत ठरतो. पेशीत शिरण्याआधी त्याला पेशीच्या पृष्ठभागावरचं ठरावीक प्रथिन पकडावं लागतं, आणि आत शिरल्यावर त्या पेशीची यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढाव्या लागतात. माणसाच्या नाकात त्याचं हे सगळं नीट जमतं. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या नाकात त्याचं बस्तान बसत नाही. म्हणून मूल कुत्र्याच्या तोंडावर शिंकलं तरी सर्दीची साखळी तिथेच तुटते.

मग खोकला आला कुठून? बोर्डिंगमधून. डॉक्टर ज्याला ‘केनेल कफ’ म्हणतात, तो एका जंतूचा आजार नाही. बोर्डेटेला नावाचा जीवाणू, कुत्र्यांचा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू, कुत्र्यांचा अ‍ॅडेनोव्हायरस असे अनेक जण त्यामागे असतात, आणि बऱ्याचदा दोघे-तिघे एकत्रच येतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते दहा दिवस जातात. आपल्या लॅब्रेडॉरचा हिशोब त्यात बरोबर बसतो. घरातली सर्दी आणि त्याचा खोकला एकाच आठवड्यात आले, एवढाच त्यांचा संबंध. मांजरांचंही तसंच आहे. त्यांच्या शिंका आणि चिकट डोळे यांमागे बहुतेक वेळा मांजरांचा हर्पीसव्हायरस किंवा कॅलिसिव्हायरस असतो, आणि हे दोन्ही माणसाला लागत नाहीत.

फ्लूची गोष्ट मात्र वेगळी आहे. सर्दीचे विषाणू आपापली प्रजाती सहसा सोडत नाहीत, पण इन्फ्लुएन्झा ‘ए’ने प्रजातींच्या भिंती वारंवार ओलांडल्या आहेत. हा विषाणू पेशीवरच्या सायलिक आम्ल नावाच्या शर्करेला चिकटतो. ही शर्करा खालच्या साखळीला दोन तऱ्हांनी जोडलेली असते. माणसाच्या नाकाघशात एक तऱ्हा जास्त सापडते. घोड्याच्या श्वासनलिकेत दुसरी सापडते, आणि कुत्र्याच्या श्वासनलिकेतही मुख्यतः हीच दुसरी असते. म्हणजे घोड्याचा फ्लू कुत्र्याच्या छातीत शिरायला वाट आधीपासून मोकळी होती.

जानेवारी 2004 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका रेसट्रॅकवर ते प्रत्यक्षात दिसलं. शर्यतीची 22 ग्रेहाउंड कुत्री आजारी पडली. त्यांतल्या 14 जणांना ताप आणि खोकला आला आणि ती बरी झाली. उरलेली आठ फुप्फुसांत रक्तस्राव होऊन दगावली. तपासात मिळालेला विषाणू होता H3N8, म्हणजे घोड्यांमध्ये कित्येक दशकं फिरत असलेला फ्लू. पृष्ठभागावरच्या प्रथिनात मोजकेच बदल होऊन तो कुत्र्यांत रुळला. घोड्याकडून कुत्र्याला लागून तिथेच थांबला असता तर तो एक अपघात ठरला असता. पण तो कुत्र्याकडून कुत्र्याकडे जाऊ लागला, आणि म्हणूनच तो ‘कनाइन फ्लू’ ठरला.

दुसरा कनाइन फ्लू पक्ष्यांकडून आला. हा H3N2, दक्षिण कोरिया आणि चीनमधल्या कुत्र्यांत आधी सापडला. 2015 मध्ये शिकागो परिसरात त्याची मोठी साथ आली, आणि पुढे अमेरिकेतल्या एका निवाऱ्यात मांजरांनाही तो झाला. माणसांत फिरणाऱ्या हंगामी फ्लूलाही H3N2 म्हणतात, पण दोन्ही विषाणू वेगळे आहेत. कुत्र्यांच्या या दोन्ही फ्लूंपैकी एकही माणसाला झाल्याची नोंद नाही.

उलट दिशेने मात्र संसर्ग झालेला आहे. 2009 चा स्वाइन फ्लू पुणेकर विसरलेले नाहीत. देशातला त्याचा पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये इथेच झाला, आणि घशाचे नमुने तपासणीसाठी इथल्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत जात होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यात 13 वर्षांच्या एका घरगुती मांजराला तोच H1N1 झाल्याचं सिद्ध झालं. घरातली माणसं आधी आजारी होती. मांजर बरं झालं, पण पुढे अशाच काही मांजरांचा जीव गेला. कोविडही माणसांकडून कुत्र्यामांजरांकडे गेला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: साध्या सर्दीत कुत्र्याला जवळ घ्यायला हरकत नाही, पण ताप आणि अंगदुखीसह फ्लू असेल तर चार-पाच दिवस त्याला पलंगावर घेऊ नका, आणि त्याचं खाणंपिणं घरातल्या निरोगी माणसाकडे द्या.

नुसत्या खोकल्याच्या आवाजावरून केनेल कफ आणि कनाइन फ्लू वेगळे ओळखता येत नाहीत. फ्लूमध्ये बऱ्याचदा कुत्रा जेवण सोडतो, नाकातून घट्ट स्राव येतो, आणि 102.5 अंश फॅरनहाइटपर्यंत ठीक समजलं जाणारं तापमान 104 च्या वर जातं. एकाच बोर्डिंगमधली बरीच कुत्री एकदम आजारी पडणं ही मोठी खूण. खात्री होते ती नाकातल्या स्वॅबच्या पीसीआर चाचणीने, पण ती वेळेत व्हायला हवी. विषाणू सर्वाधिक बाहेर पडतो तो अगदी सुरुवातीच्या दिवसांत, त्यामुळे आठवड्याभराने घेतलेला स्वॅब निगेटिव्ह आला तरी त्यावरून फ्लू नव्हता असं म्हणता येत नाही. वर्षाच्या लसीत पॅराइन्फ्लुएन्झा असतो. तो फ्लू नव्हे, त्या लसीने कनाइन फ्लूपासून संरक्षण मिळत नाही.

आपल्याकडे मला जास्त धास्ती वाटते ती डिस्टेंपरची. लस न झालेल्या पिल्लाचा हा आजारही सर्दीसारखाच सुरू होतो: डोळ्यांत चिपडं, नाकातून स्राव, खोकला, मग जुलाब, आणि काही आठवड्यांनी झटके. वेताळ टेकडीवर फिरायला नेलेलं लस अपुरी असलेलं पिल्लू शिंकू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लॅब्रेडॉरला दोन-तीन आठवडे इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बांधा आणि टेकडी बंद करा. आणि घरातली पॅरासिटामॉल त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मांजराला तर कधीच नाही. हे औषध निकामी करणारी यकृतातली प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि मांजर दगावू शकतं. चुकून गोळी पोटात गेलीच तर लक्षणांची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा. त्यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, आणि तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो.