मिठाला सुटलेलं पाणी आणि लोणच्याची बरणी

रत्नागिरीच्या मावशीने यंदा वर्षभराचं कैरीचं लोणचं बरणीतून काढून प्लास्टिकच्या डब्यांत भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. 'लोणचं बाहेर ठेवणं धोक्याचं' असा मेसेज तिला कुणीतरी पाठवला होता. ऑगस्टमध्ये पहिल्या डब्यात वरच्या फोडींवर पांढरी बुरशी निघाली. फळीवरच्या जुन्या बरणीत तळाशी उरलेलं गेल्या वर्षीचं लोणचं मात्र शाबूत होतं.

याचं उत्तर तिच्याच ओट्यावर होतं. जुलैत मिठाच्या वाटीत पाणी साचतं ना? हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि कोकणात पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. मीठ पाण्याला धरून ठेवतं आणि त्याची ही ओढच लोणचं टिकवते. जंतूंना नुसतं पाणी असून चालत नाही, ते मोकळं असावं लागतं. शुद्ध पाण्यात हा मोकळेपणा 1 धरला, तर बहुतेक जिवाणू 0.91 च्या खाली वाढत नाहीत आणि नेहमीच्या बुरशी साधारण 0.80 च्या खाली थांबतात. मिठाने पुरतं भरलेल्या पाण्यात तो 0.75 असतो. म्हणजे वाटीतल्या मिठाचाच आकडा, फक्त दुसऱ्या बाजूने वाचलेला.

आता मावशीचं लोणचं मांडून पाहू. एक किलो फोडींत पाणी साधारण 850 ग्रॅम. तिने मीठ घातलं 200 ग्रॅम. म्हणजे खार झाला 19 टक्के आणि मोकळेपणा उतरला 0.85 च्या आसपास. जिवाणू संपले, कैरीच्या आंबटपणाने उरलीसुरली कसर भरून काढली. बुरशी मात्र 0.85 वर अजून तग धरू शकते. तिला हवा लागते, म्हणून फोडींवर बोटभर तेल. हे तिन्ही जागेवर असतील तर बरणीला फ्रिज नको. उलट डॉक्टरांच्या सांगण्यावरून मीठ 80 ग्रॅमवर आणलंत, तर खार नऊ टक्क्यांच्याही खाली येतो आणि मोकळेपणा 0.94 च्या वर राहतो. असं लोणचं, तसाच मेथांबा, तक्कू, कोळंबीचं लोणचं, हे सगळं फ्रिजमध्येच. आंबट न घालता नुसत्या तेलात बुडवलेला लसूण तर बाहेर ठेवूच नका. तिथे हवा नसल्याचाच फायदा घेणारे जिवाणू विष तयार करतात आणि वासावरून ते कळत नाही.

मग चांगलं खारट लोणचं फ्रिजमध्ये का बिघडलं? पाच अंशांचा डबा जेवणाच्या वेळी बाहेर येतो. बाहेर 28 अंश आणि नव्वदीची आर्द्रता. झाकण उघडलं की गार फोडींवर आणि झाकणाच्या आत दव धरतं, रोज दोनदा. डबा रुंद, तेल पसरून पातळ झालेलं, वर आलेल्या फोडी उघड्या. खार तिथल्या तिथे पातळ होतो. फ्रिजच्या थंडीत बुरशी सावकाश वाढते, थांबत नाही. 'बाहेरची असताना हात लावला म्हणून लोणचं नासलं' असं अजूनही बोललं जातं. नासवतो तो ओला चमचा, आणि तो पुरुषाच्या हातातही ओलाच असतो.

गुळालाही हाच हिशोब, पण आकडा जरा खाली. गुळात साखरेसोबत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात. फ्रुक्टोज 62 टक्क्यांच्या पुढेच पाणी ओढू लागतं, म्हणून गूळ मिठाच्याही आधी पाझरतो. वरचा पातळ पाक यीस्टला आवडतो. आंबूस, दारूसारखा वास आला की समजा. पावसाळ्याआधी ढेप फोडून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यांत भरा, वापरायचा डबा छोटा ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायचाच तर बंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा घरच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका.

लोण्यात पाणी थेंबाथेंबाने अडकलेलं असतं. बाजारच्या खारट बटरमध्ये शंभरात सुमारे 16 ग्रॅम पाणी आणि दोनेक ग्रॅम मीठ. ते मीठ सगळं त्या पाण्यातच जात असल्याने थेंबांत 11 टक्के खार होतो. घरच्या पांढऱ्या लोण्याच्या थेंबांत मीठ नाही, वर ताक. ते फ्रिजमध्ये आणि आठवड्याच्या आत कढवायचं.

तूप बाहेर टिकतं, कारण त्यात पाणी जवळपास उरतच नाही. कढवताना तडतड थांबली आणि बेरी बदामी झाली, की पाणी गेलं. घाईने उतरवलेलं तूप तळाशी आंबतं. नीट कढलेल्या तुपाला जंतूंची भीती नाही, हवा आणि उजेडाने खवट होण्याची आहे. म्हणून काचेची बरणी खिडकीत नको, कपाटात.

मावशीने उरलेले डबे परत चिनीमातीच्या अरुंद तोंडाच्या बरणीत रिकामे केले, तेल गरम करून गार केलं आणि फोडी बुडेपर्यंत ओतलं. बुरशीचा डबा मात्र वरचा थर काढून चालवला नाही, अख्खा टाकला. आठवडाभर हळहळत होती.